सगळी पुंजी एकाच शेडमध्ये असेल तर: मालक-चालकाने एकूण जोखीम का मोजायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिक जिल्ह्यातल्या सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यात जॉबवर्क करणाऱ्या छोट्या युनिटचे मूल्य काढताना, नवे मशीन घेताना किंवा भागीदार आत घेताना एक प्रश्न हमखास येतो: भांडवलावर किती टक्के परतावा धरायचा? खालची उत्तरे त्या एका आकड्याभोवती आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे. अंबडमधले एक युनिट, दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी, ऑटो पार्ट्सचे काम, डोक्यावर कर्ज नाही. कर भरून, जुनी मशीन बदलण्याची तरतूद बाजूला काढून आणि मालकाचा वाजवी पगार वजा करून वर्षाला 28 लाख रुपये उरतात. आकडे गणित समजावे म्हणून घेतले आहेत. तुमच्या युनिटचे आकडे तुम्हालाच घालायचे आहेत.

सल्लागार म्हणतात, फक्त बाजाराची जोखीम धरा. का?

कारण ते ज्या सूत्राने परतावा काढतात, त्या सूत्रातला गुंतवणूकदार वेगळा आहे. विल्यम शार्प यांनी 1964 मध्ये मांडलेल्या कॅपिटल अॅसेट प्रायसिंग मॉडेलमध्ये गुंतवणूकदाराचा पैसा पुष्कळ कंपन्यांत पसरलेला असतो, असे गृहीत धरले आहे. एका कंपनीचा मोठा ग्राहक तुटला, दुसरीत संप झाला, तिसरीला अनपेक्षित ऑर्डर मिळाली, तर या गोष्टी एकमेकींना कापून टाकतात. मागे उरते ती सगळ्यांना एकदम लागणारी जोखीम: मंदी, व्याजदर, इंधनाचे भाव. तिचे माप म्हणजे बीटा. जी जोखीम फुकटात टाळता येते तिच्यासाठी बाजार जादा परतावा देत नाही, हा त्यामागचा तर्क. म्युच्युअल फंडासाठी तो चोख बसतो.

मग माझ्या बाबतीत तो कुठे चुकतो?

तर्क चुकत नाही, गृहीतक लागू पडत नाही. तुमचे भांडवल मशीनमध्ये, शेडच्या भाडेपट्ट्यात आणि येणे बाकीत अडकलेले आहे. महिन्याचा पगारही तिथूनच येतो. बँकेची कॅश क्रेडिट असेल तर वैयक्तिक हमी तुमची असते आणि बऱ्याचदा राहते घरही गहाण असते. मुख्य ग्राहकाने पार्ट दुसऱ्या व्हेंडरकडे हलवला, तर पुंजी, उत्पन्न आणि घर या तिन्हींवर एकाच दिवशी ताण येतो. त्या दिवशी तो पार्ट मिळालेल्या दुसऱ्या व्हेंडरचा नफा वाढतो, हे खरे. पण त्या व्हेंडरमध्ये तुमचा हिस्सा नाही.

जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण घ्या. डिसेंबर 2023 मध्ये कांदा निर्यातीवर बंदी आली आणि मे 2024 मध्ये उठली. निफ्टीच्या इंडेक्स फंडात पैसा असणाऱ्याला तिची झळ जाणवण्यासारखी नव्हती. लासलगाव किंवा पिंपळगावच्या ज्या व्यापाऱ्याचा सगळा धंदा निर्यातीचा, त्याच्यासाठी मात्र पूर्ण हंगामाचा प्रश्न होता. दोघांसमोर घटना एकच, पण जोखीम किती हे ज्याच्या त्याच्या खिशावर ठरते.

एकूण जोखीम मोजायची कशी?

साधा बीटा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: बाजाराच्या तुलनेत धंद्याचा परतावा किती हेलकावतो, आणि त्यातला किती भाग बाजाराच्या तालावर असतो. दुसऱ्या गोष्टीला सहसंबंध म्हणतात. पैसा विखुरलेल्या माणसाला फक्त बाजाराच्या तालावरचा भाग लागतो. तुम्हाला सगळाच हेलकावा लागतो, म्हणून सहसंबंधाने भागून तो भाग पुन्हा आत घ्यायचा. येणाऱ्या आकड्याला टोटल बीटा म्हणतात. खालच्या सूत्रांत SD म्हणजे हेलकाव्याचे माप, प्रमाण विचलन. छोट्या खासगी कंपन्यांच्या मूल्यांकनात ही पद्धत रूढ होण्यामागे न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अस्वथ दामोदरन यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे.

```
beta       = correlation × (SD_business / SD_market)
total_beta = beta / correlation = SD_business / SD_market
return     = risk_free + total_beta × market_premium
```

आता उदाहरण. सरकारी रोख्यांचा दर 7 टक्के आणि शेअर बाजाराने त्यावर द्यावा असा जादा परतावाही 7 टक्के धरू. आपल्यासारख्या कामाच्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा कर्जाचा परिणाम काढून टाकलेला सरासरी बीटा 1.0 आणि बाजाराशी सहसंबंध 0.5 निघाला, असे समजा. साध्या बीटाने परतावा 7 अधिक 7, म्हणजे 14 टक्के. टोटल बीटा 1.0 भागिले 0.5, म्हणजे 2.0. त्याने परतावा 7 अधिक 14, म्हणजे 21 टक्के.

वर्षाचे 28 लाख कायम तेवढेच राहतील असे धरले, तर 14 टक्क्यांनी युनिटची किंमत 2 कोटी येते आणि 21 टक्क्यांनी 1 कोटी 33 लाख. दरवर्षी 4 टक्के वाढ धरली तर हेच आकडे सुमारे 2 कोटी 91 लाख आणि 1 कोटी 71 लाख होतात. वाढ धरली की दरी रुंदावते, म्हणून आशावादी वाढीचा आकडा घालण्याआधी थांबून विचार करावा.

बीटा आणि सहसंबंध आणायचे कुठून? माझी कंपनी तर शेअर बाजारात नाही.

तुमच्या कामाशी जुळणाऱ्या सहा ते दहा नोंदणीकृत कंपन्या निवडा. मशिनिंग, फोर्जिंग, कास्टिंग करणाऱ्या ऑटो पार्ट कंपन्या चालतील. वाहन बनवणारी मोठी कंपनी नको. तीन वर्षांचे आठवड्याचे बंद भाव घ्या आणि त्यावरून दर आठवड्याचा टक्केवारी बदल काढा. शेजारच्या रकान्यात निफ्टी 500 चा बदल ठेवा. कंपनी B मध्ये आणि निर्देशांक C मध्ये असेल तर सूत्रे अशी:

```
=SLOPE(B2:B157,C2:C157)
=SQRT(RSQ(B2:B157,C2:C157))
```

पहिले बीटा देते, दुसरे सहसंबंध. या बीटात त्या कंपनीच्या कर्जाचा परिणाम असतो, तो खाली कर्जाच्या उत्तरात दिलेल्या गुणकाने भागून आधी काढून टाका. RSQ वर वर्गमूळ घ्यायला विसरणे ही सगळ्यात नेहमीची चूक. RSQ 0.25 आला आणि त्यानेच भागले, तर टोटल बीटा 2 ऐवजी 4 येतो आणि परतावा 35 टक्के. असा आकडा दिसला की आधी हेच तपासावे.

दुसरी अडचण कमी उलाढालीच्या शेअरची. त्याचा भाव बातमीनंतर दोन-चार दिवसांनी हलतो, त्यामुळे निर्देशांकाशी सहसंबंध खोटा कमी दिसतो आणि भागाकार फुगतो. रोजच्या भावांपेक्षा आठवड्याचे घ्यावे, ते याचसाठी. शिवाय प्रत्येक कंपनीचा टोटल बीटा वेगळा काढून त्यांची सरासरी घेऊ नका. आधी बीटांची सरासरी, मग सहसंबंधांची सरासरी, आणि शेवटी एकच भागाकार. नाहीतर सहसंबंध 0.1 असलेली एखादी कंपनी सगळे गणित ओढून नेते.

माझ्या ताळेबंदातला नफ्याचा चढउतार का वापरू नये?

वर्षाला एक याप्रमाणे पाच-सहाच आकडे मिळतात. तेही घसाऱ्याने, शिल्लक मालाच्या मोजणीने आणि कर नियोजनाने गुळगुळीत झालेले असतात, त्यामुळे जोखीम आहे त्यापेक्षा कमी दिसते. पडताळणीसाठी मात्र जीएसटी विवरणातली 36 महिन्यांची विक्री उपयोगी पडते. एका ग्राहकाचा वाटा किती, शेड्यूल कापले त्या महिन्यांत विक्री किती घसरली, हे त्यात स्वच्छ दिसते. तुमची घसरण निवडलेल्या कंपन्यांपेक्षा बरीच खोल असेल, तर 2.0 हा आकडाही तुमच्यासाठी सौम्य आहे.

विमा, दुसरा ग्राहक, वेगळा पार्ट: यांचा या टक्क्यांशी काय संबंध?

एकूण जोखीम मोजण्याचा खरा उपयोग इथे होतो, म्हणून हे उत्तर लांब आहे.

बाजाराचा वार्षिक हेलकावा 18 टक्के धरू. टोटल बीटा 2.0 म्हणजे आपल्या युनिटचा हेलकावा 36 टक्के. साधा बीटा 1.0 असल्याने त्यातला बाजारामुळे येणारा भाग 18. उरलेला धंद्याचा स्वतःचा. हे दोन भाग सरळ बेरजेने नाही, तर वर्गांच्या बेरजेने जुळतात. 36 चा वर्ग 1296, त्यातून 18 चा वर्ग 324 वजा केला की 972 उरतात आणि त्याचे वर्गमूळ सुमारे 31. म्हणजे मालकाच्या अंगावरची बहुतेक जोखीम धंद्याची स्वतःचीच आहे, आणि साध्या बीटाच्या गणितात ती शून्य धरली जाते.

आता समजा 70 टक्के काम एकाच ग्राहकाचे आहे आणि तेही डिझेल इंजेक्शनच्या भागांचे. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-4 वरून थेट बीएस-6 लागू झाले तेव्हा डिझेल गाड्या महाग झाल्या आणि काही कंपन्यांनी छोट्या डिझेल गाड्या बंदच केल्या. एका नियमाने एका पार्टची मागणी कशी हलते ते त्यात दिसले. म्हणून मालक हायड्रॉलिक फिटिंग आणि विद्युत स्विचगिअरचे काम आणतो. नवी फिक्स्चर, तपासणीची गेज, सुरुवातीचे रिजेक्शन आणि थोडा कमी दर यांचा मिळून वर्षाला 2 लाखांचा भुर्दंड बसतो. त्या बदल्यात धंद्याची स्वतःची जोखीम 31 वरून 24 वर येते, असा अंदाज.

नवा एकूण हेलकावा: 324 अधिक 576, म्हणजे 900, आणि वर्गमूळ 30. टोटल बीटा 30 भागिले 18, म्हणजे 1.67. परतावा 18.67 टक्के. उत्पन्न 26 लाखांवर आले तरी किंमत 26 भागिले 0.1867, म्हणजे सुमारे 1 कोटी 39 लाख. आधी 1 कोटी 33 लाख होती. मालकाचा 6 लाखांचा फायदा झाला.

हाच निर्णय पैसा विखुरलेल्या गुंतवणूकदाराच्या चष्म्यातून बघा. त्याचा दर 14 टक्केच राहतो, कारण कमी झालेली जोखीम त्याने कधी मोजलीच नव्हती. त्याच्यासाठी किंमत 2 कोटींवरून 1 कोटी 86 लाखांवर घसरली. तो म्हणेल, 2 लाख वाया घालवू नका. स्वतःपुरते तो बरोबर आहे. पण त्याचा सल्ला तुम्ही ऐकणे ही चूक ठरेल.

विम्याचेही असेच. साधी फायर पॉलिसी जळालेल्या मशीनचे पैसे देते. मशीन पुन्हा उभे राहीपर्यंत बुडालेला नफा देत नाही. त्यासाठी लॉस ऑफ प्रॉफिटचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि त्यात भरपाईचा कालावधी नवे मशीन मागवून, बसवून, ग्राहकाची मंजुरी मिळेपर्यंत पुरेल इतका लागतो. तीन महिन्यांचा कालावधी घेतला आणि मशीन यायलाच पाच महिने लागले, तर उरलेले नुकसान तुमचे. येणे बाकीची जोखीम ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिले वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर, बिल वटवून कमी होते. ग्राहकाने नंतर पैसे थकवले तरी फायनान्स करणारी बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही. अट एवढीच की बिल आधी ग्राहकाने मान्य केलेले असावे. रिजेक्शनवरून वाद घालून बिलच अडवले, तर ट्रेड्सचा उपयोग नाही.

नवे मशीन घ्यायचे की नाही, हे दोन दरांनी वेगवेगळे निघते का?

निघू शकते. 40 लाखांचे व्हीएमसी दहा वर्षे चालेल, वर्षाला निव्वळ 9 लाख देईल आणि शेवटी भंगारात काही येणार नाही, असे समजू. 14 टक्क्यांनी त्या 9 लाखांची आजची किंमत सुमारे 47 लाख, म्हणजे घ्यावे. 21 टक्क्यांनी सुमारे 36 लाख 50 हजार, म्हणजे घेऊ नये.

पण हा 21 टक्क्यांचा दर सध्याच्या धंद्यासारख्याच जोखमीच्या कामासाठी आहे. तेच व्हीएमसी जुन्या ग्राहकाच्या त्याच पार्टसाठी घेतले, तर एकाच टोपलीत आणखी भर पडते आणि 21 सुद्धा कमी ठरेल. नव्या क्षेत्रातल्या कामासाठी घेतले, तर ते एकूण हेलकावा खाली आणते आणि त्याला कमी दर लावणे रास्त आहे. मशीन, किंमत, मिळकत सारखीच असूनही निर्णय पलटतो. कोटेशनवर हे दिसत नाही, पर्चेस ऑर्डर कोणाची आहे ते बघितल्यावर दिसते.

मी विकायला काढले तर कोणता आकडा सांगू?

1 कोटी 33 लाख ही तुमच्यासाठीची किंमत, म्हणजे त्याखाली विकणे तोट्याचे. समोर कोण आहे त्यावर वरची मर्यादा ठरते. शेअर बाजारातली कंपनी विकत घेत असेल तर तिच्यासाठी हेच युनिट 2 कोटींचे आहे. दहा-बारा ठिकाणी पैसा घातलेला खासगी गुंतवणूकदार अधेमधे बसतो. त्याच्या एकूण गुंतवणुकीचा बाजाराशी सहसंबंध 0.7 धरला, तर बीटा 1.43, दर 17 टक्के आणि किंमत सुमारे 1 कोटी 65 लाख. शेजारच्या प्लॉटवरचा, तुमच्यासारखाच एका शेडचा मालक आला तर तोही 1 कोटी 33 लाखांच्या आसपासच बोलेल.

म्हणून पैसा विखुरलेला खरेदीदार शोधण्यात घालवलेले सहा महिने सहसा वाया जात नाहीत. आणि त्याच्यासमोर तुमचा 21 टक्क्यांचा हिशोब मांडू नका. तो तुमच्या तळाचा आकडा आहे.

मालकाचा पगार आधी वजा करायचा कशासाठी?

दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवायला. तुम्ही रोज शेडवर उभे राहता त्याचा मोबदला पगार, आणि अडकवलेल्या पैशाचा मोबदला परतावा. तुमच्या जागी प्रॉडक्शन मॅनेजर ठेवला तर त्याला जे द्यावे लागेल ते वजा करा. पत्नी किंवा मुलगा हिशोब, डिस्पॅच बघत असेल तर त्यांचाही. वर्षाला 12 लाख वजा करायचे राहिले, तर 21 टक्क्यांनी किंमत 57 लाखांनी फुगते.

सल्लागाराने आधीच "कंपनीची विशेष जोखीम" म्हणून 5 टक्के वाढवले आहेत. त्यावर टोटल बीटाही लावू का?

नको. दोन्ही एकाच जोखमीसाठी आहेत. दोनपैकी एकच ठेवा. टोटल बीटाचा आकडा निदान कुठून आला ते दाखवता येते, 5 टक्के बहुधा अंदाजपंचे असतात. ग्राहक तुटेल म्हणून उत्पन्नाचा अंदाज आधीच मुद्दाम खाली ओढला असेल, तर तीही दुहेरी मोजणीच. उत्पन्नाचा आकडा चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी म्हणून घ्यावा, भीतीपोटी कापलेला नसावा.

लवकर विकता न येणे ही गोष्ट मात्र वेगळी. टोटल बीटात ती येत नाही. तिच्यासाठी वेगळी वजावट मागितली तर ती आक्षेपार्ह नाही.

मी दर महिन्याला इंडेक्स फंडात एसआयपी करतो. तरीही 21 टक्केच?

फंडात किती साठले आहे त्यावर आहे. युनिटची किंमत 1 कोटी 33 लाख आणि फंडात 6 लाख असतील, तर फरक नगण्य. निम्मी संपत्ती युनिटमध्ये आणि निम्मी इंडेक्स फंडात असेल, तर वरच्याच आकड्यांनी एकूण हेलकावा 36 वरून सुमारे 24 टक्क्यांवर येतो. मग 21 टक्के मागणे जादा होईल, आणि 14 ते 21 च्या मधला दर योग्य.

इथे एक फसगत होते. पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट, अंबडमधला दुसरा गाळा, पुतण्याच्या फॅब्रिकेशनच्या धंद्यात घातलेले पैसे, यांना लोक विखुरणे समजतात. यातले बरेचसे त्याच कारखान्यांच्या पगारावर आणि ऑर्डरवर उभे असते. वसाहतीत कामाचे तास घटले की गाळ्याचे भाडेही थकते.

कर्ज घेतले तर?

वरचा 2.0 हा बिनकर्जाचा आकडा आहे. कर्ज मालकाच्या स्वतःच्या भांडवलाच्या निम्मे आणि कर 25 टक्के धरला, तर त्याला 1 अधिक 0.75 गुणिले 0.5, म्हणजे 1.375 ने गुणा. टोटल बीटा 2.75 आणि मालकाच्या पैशावरचा दर 26 टक्क्यांच्या वर जातो. हा दर हप्ते आणि व्याज भरून उरणाऱ्या रकमेलाच लावायचा, त्याआधीच्या 28 लाखांना नाही. भागीदारी फर्मचा कराचा दर वेगळा असतो, तो आपल्या सीएंकडून घेऊन 0.75 च्या जागी योग्य आकडा घाला.

हे मूल्य बँकेत किंवा आयकराच्या कामात चालेल का?

त्या कामांसाठी पद्धत त्या-त्या नियमांनी ठरते आणि मूल्यांकन कशासाठी हवे आहे हे मूल्यांककाला आधीच सांगावे लागते. टोटल बीटाचा आकडा तुमच्या टेबलावरच्या निर्णयांसाठी आहे: मशीन, विमा, ग्राहकांचा वाटा, भागीदाराचा हिस्सा. तो दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला रोख्यांचा ताजा दर घालून पुन्हा काढावा, आणि एखाद्या ग्राहकाचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त बदलला तर मधेही.